किराया वाढवायचाय? किरायदाराला द्यायचं पत्र कसं लिहावं

किराया वाढवल्याचं पत्र एका पानाचं असतं, पण त्यावरून होणारी कुरबुर वर्षभर पुरते. ती बहुतेकदा चारशे-पाचशे रुपयांवरून नसतेच. "टाकीत पाणी नाही आणि वरून किराया वाढवला", "मागच्या साली जूनमध्ये वाढवला होता, यंदा मेमध्येच कसा?", "महागाई काय फक्त मालकालाच आहे का?" अशी वाक्यं ज्या घरात ऐकू येतात, तिथं पत्रात आकडा, तारीख किंवा कारण यांपैकी काहीतरी मोघम लिहिलेलं असतं. नाहीतर पत्रच दिलेलं नसतं, जिन्यात गाठ पडली तेव्हा सांगून टाकलेलं असतं.

इथं एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. लातूर शहरातलं घर आहे. खाली मालकाचं कुटुंब राहतं, वर दोन बिऱ्हाडं आहेत. त्यातलं एक शाळेतल्या सरांचं, बायको आणि दोन मुलांसह. किराया महिन्याला ८,००० रुपये, डिपॉझिट २५,०००. अकरा महिन्यांचा करार १ जून २०२४ ला सुरू झाला, म्हणजे तो ३० एप्रिल २०२५ ला संपतो. मालकाला पाच टक्के वाढ हवी आहे.

आधी करार काढून वाचा

पत्र लिहायला बसण्याआधी कपाटातून करार बाहेर काढायचा. आपल्याकडे बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर दिलेली असतात. अशा करारात मुदत संपेपर्यंत लिहिलेला किराया हाच किराया. मधेच, म्हणजे डिसेंबरात वगैरे, "पुढच्या महिन्यापासून पाचशे जास्त द्या" म्हणायला जागा नसते, करारात तसं कलम असेल तरच. मुदत संपली की नव्या करारात किती किराया असावा हे दोघांनी ठरवायचं. त्यामुळे आपलं पत्र खरं तर नव्या कराराचा प्रस्ताव असतो, आणि त्याची भाषाही तशीच हवी.

काही जण दोन-तीन वर्षांचा एकच करार करतात आणि त्यात "दरवर्षी पाच टक्के वाढ" असं आधीच लिहून ठेवतात. तसं असेल तर पत्र नुसतं आठवणीचं: कितव्या कलमाप्रमाणे, कोणत्या तारखेपासून, किती. कारणं सांगायची गरज नाही. ती करार करतानाच मान्य झालेली असतात.

तिसरा प्रकार जुन्या भाडेकरूंचा. बाजारातलं एखादं दुकान, वाड्यातल्या दोन खोल्या, वडिलांच्या काळापासून दिलेल्या. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा चालायचा. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. हा कायदा जिथं लागू आहे तिथल्या अशा भाडेकरूला मालक आपल्या मनाने वाढ लावू शकत नाही. कलम ११ प्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ मिळते. घरपट्टीसारखे कर वाढले किंवा इमारतीत मोठी सुधारणा केली, तर त्यासाठीच्या तरतुदी वेगळ्या आहेत. या लोकांना पाच किंवा दहा टक्क्यांचं पत्र पाठवू नका. वकिलाकडे गेलेलं तसलं पत्र तुमच्याच विरोधात वापरलं जातं.

करार नुसता बॉण्डवर नोटरी करून ठेवला असेल, तर हेही लक्षात घ्या. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत किरायदार म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तुमच्या पत्रातला "सध्याचा किराया ८,०००" हा आकडासुद्धा वादात सापडू शकतो. वाढीच्या निमित्ताने नवा करार करायचाच आहे, तर तो नोंदवून टाका. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्क्याच्या हिशेबाने लागतं, डिपॉझिटचाही थोडा भाग त्यात धरतात. आपल्या उदाहरणात ते दोन-तीनशेच्या घरात जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

आकडा: खर्चाचे किती, बाजाराचे किती

पाच टक्के म्हणजे ४०० रुपये. नवा किराया ८,४००. हे तोंडी गणित झालं. पण पत्रात "वाढत्या खर्चामुळे" असं लिहायचं असेल तर खर्च खरंच किती वाढला ते एकदा कागदावर मांडायला हवं. आपल्या घराचं असं निघालं:

घरपट्टी आणि नळपट्टी मिळून ११,४०० होती, ती १२,६०० झाली. वर्षाला १,२०० जास्त. बोअरच्या मोटारीचं आणि जिन्यातल्या दिव्याचं सामायिक बिल महिन्याला सरासरी ६५० यायचं, ते ७८० येतंय. वर्षाला १,५६० जास्त. जिना झाडणारी बाई आणि टाकी धुणारा मिळून महिन्याला ५०० जायचे, आता ६०० जातात. वर्षाला १,२०० जास्त. एकूण ३,९६० रुपये. घरात बिऱ्हाडं तीन, मालक धरून. एकाच्या वाट्याला वर्षाला १,३२०, म्हणजे महिन्याला ११० रुपये.

चारशेपैकी खर्चाची वाढ फक्त एकशे दहाची आहे. उरलेले २९० कशाचे? ते बाजाराचे. गल्लीत तशाच दोन खोल्या, किचन आणि गॅलरीचं घर आता साडेआठ हजाराला जातंय, म्हणून. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते लपवायचं नाही. चारशेच्या चारशे घरपट्टीच्या माथी मारले, तर किरायदार मालकाकडे बिल मागतो, मनातल्या मनात भागाकार करतो आणि पुढची प्रत्येक गोष्ट संशयाने ऐकतो. सर लोकांना भागाकार येतोच.

कारण म्हणून "महागाई" हा एकच शब्द लिहिणं मला तरी पटत नाही. समोरच्यालाही तेल-डाळ त्याच भावाने मिळते. तपासता येईल असं कारण द्यावं, नाहीतर सरळ "परिसरातला चालू दर" म्हणावं.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय, असं कोणी विचारेल. समजा गेल्या पावसाळ्याआधी छत्तीस हजार घालवले. ते मी या हिशेबात धरणार नाही. घर गळू नये ही मालकाची जबाबदारी, आणि त्या कामाने किंमत मालकाच्याच घराची वाढली. सरांच्या बेडरूमची ओल त्यामुळे थांबली असेल तर पत्रात एक ओळ जरूर लिहा, पण आकडा न टाकता.

वाढ किती टक्के ठेवायची, यावर एक साधा ताळा आहे. चारशे रुपयांची वाढ नाकारून सर गेले आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर ८,००० बुडाले. ते वाढीतून भरून यायला वीस महिने लागतात. वर चुना, रंग, दलाल यांचा खर्च वेगळा. वेळेवर पैसे देणारं, भांडण न करणारं कुटुंब असेल तर दहा टक्क्यांच्या हट्टात मालकाचंच नुकसान होतं. उलट, तीन-चार वर्षं गप्प बसून एकदम दीड-दोन हजार वाढवणारे मालकही आहेत. त्यांना आपण फार उदार वाटतो, पण किरायदाराच्या दृष्टीने तो दणकाच असतो. आठ हजाराचे पाच टक्क्यांनी ८,४००, मग ८,८२०, मग ९,२६१ होतात. वाढ होतेच, पण पचेल अशा बेताने. शेवटचे आकडे पूर्ण करायचे असतील तर खाली करा, ८,८२० चे ८,८००.

टँकर किरायात घालू नका

आपल्या भागात सर्वांत जास्त चूक होते ती इथं. लातूरने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी पाहिलंय. मांजरा धरणात पाणी किती यावर शहराचा उन्हाळा ठरतो. बीड, धाराशिव, जालना, संभाजीनगरच्या बाहेरच्या वसाहती, सगळीकडे कमी-जास्त हीच गत. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बोअर आटलं, टँकर मागवावे लागले, की मालक म्हणतो, "यंदा पाण्याला फार गेले, किराया दोनशेने वाढवतो."

हिशेब करून पाहा. समजा तीन महिन्यांत सहा टँकर लागले, हजाराला एक. सहा हजार. तीन बिऱ्हाडांत प्रत्येकी दोन हजार. ते वर्षात वाटले तर महिन्याला सुमारे १६७ रुपये. मालकाला वाटतं, बरोबरच तर आहे. पण किराया एकदा वाढला की खाली येत नाही. पुढच्या साली पाऊस चांगला झाला, धरण भरलं, एकही टँकर लागला नाही, तरी सर १६७ देतच राहणार. शिवाय त्याच्या पुढच्या वर्षीची पाच टक्के वाढ या टँकरच्या पैशावरही लागणार. आणि याच्या उलट झालं, दुष्काळ कडक पडून सहाऐवजी पंधरा टँकर लागले, तर मालक अडकला. तो मधेच काही मागू शकत नाही, कारण पाण्याचे पैसे तर किरायात धरलेत.

म्हणून जो खर्च दरवर्षी होणारच, तोच किरायात धरायचा. जो एखाद्या साली होतो आणि एखाद्या साली होत नाही, तो वेगळा ठेवायचा, पावतीप्रमाणे, समान वाट्याने. टँकरवाल्याकडून चिठ्ठी घ्यायची आणि तिचा फोटो त्याच दिवशी सगळ्या बिऱ्हाडांना पाठवायचा. महिन्याच्या शेवटी एकदम "पाण्याचे आठशे" असं सांगितलं की वाद झालाच म्हणून समजा. मालकानेही आपला तिसरा वाटा भरलेला दिसला पाहिजे. टँकर कोणी बोलवायचा, टाकी किती खाली गेल्यावर बोलवायचा, हेही आधी ठरलेलं बरं.

विजेलाही हाच न्याय. सबमीटर असेल तर युनिटप्रमाणे वेगळे पैसे घ्या. एकाच कनेक्शनवर तीन बिऱ्हाडं असली की एकूण युनिट महावितरणच्या वरच्या टप्प्यात जातात आणि सगळ्यांचा दर चढतो. तो वाढलेला दर किरायात मुरवण्यापेक्षा महिन्याचं बिल दाखवून वाटणी करणं सोपं पडतं.

तारीख: अकरा महिन्यांचा सरकता हिशेब

करार अकरा महिन्यांचा आणि वाढ "वार्षिक", यात एक गंमत लपलेली आहे. १ जून २०२४ चा करार ३० एप्रिल २०२५ ला संपतो. नवा करार १ मे पासून. तो संपतो ३१ मार्च २०२६ ला, पुढचा १ एप्रिलपासून. प्रत्येक करारासोबत वाढ लावली तर ती दर अकरा महिन्यांनी लागते, बारा नव्हे. अकरा वर्षांत बारा वाढी होतात. बरेच मालक हे मुद्दाम करत नाहीत, त्यांच्या लक्षातही येत नाही. किरायदाराच्या मात्र येतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, करारच बारा महिन्यांचा करणं. नाहीतरी नोंदणी करायचीच आहे, तेव्हा अकराचा आग्रह कशाला? दुसरा, नवा करार १ मे पासूनच करायचा, पण मे महिन्याचा किराया जुन्या दराने लिहायचा आणि नवा दर १ जूनपासून. करारात दोन दर लिहिता येतात. आपल्या उदाहरणात मालकाने हाच मार्ग घेतला: मेचे ८,०००, जून ते मार्च महिन्याला ८,४००. अकरा महिन्यांचे मिळून ९२,०००. एका महिन्याचे चारशे सोडले, पण "यंदा मेमध्येच कसा?" हा प्रश्न संपला.

पत्र केव्हा द्यायचं? करारात किती दिवस आधी कळवायचं हे लिहिलं असेल तर ते पाळा. लिहिलं नसेल तर बिऱ्हाडवाल्यांना करार संपायच्या आधी दोन महिने पुरेसे आहेत, त्यापेक्षा कमी देऊ नयेत. लातुरात याला आणखी एक कारण आहे. इथला घरांचा बाजार नीटच्या परीक्षेभोवती फिरतो. मेच्या सुरुवातीला परीक्षा झाली की कितीतरी घरं एकदम रिकामी होतात आणि जूनमध्ये दहावी झालेल्या पोरांचे आई-बाप येऊन ती भरतात. मार्चमध्ये पत्र मिळालेल्या माणसाला मेमध्ये घर पाहता येतं, आणि तो सोडून गेला तर मालकालाही जूनमध्ये नवा किरायदार मिळतो. तेच पत्र जूनच्या मध्यावर दिलं तर त्याला घर मिळत नाही, आणि तो जो राग धरतो तो वर्षभर उतरत नाही.

खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या असतील तर पत्र पोराच्या हातात देऊन उपयोग नाही. ते वहीत राहतं. वडिलांच्या नावाने लिहा, त्यांच्या फोनवर पाठवा आणि एक फोन करा.

पत्र

मजकूर एका पानात बसला पाहिजे. त्यात उशिरा आलेल्या किरायाची तक्रार, गाडी लावण्यावरून झालेली बोलाचाली, पोरांचा गोंगाट यातलं काही घुसडू नका. ते सांगायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळं. आपल्या उदाहरणाचं पत्र असं होईल:

दि. १ मार्च २०२५
लातूर

प्रति,
श्री. ………… सर यांस,
वरचा मजला, पूर्वेकडील भाग

विषय: दि. १ जून २०२५ पासून मासिक किराया रु. ८,४०० करण्याबाबत

स.न.वि.वि.

आपण दि. १ जून २०२४ पासून आमच्या घरात राहता. सध्याचा किराया दरमहा रु. ८,००० (अक्षरी रुपये आठ हजार) असून कराराची मुदत दि. ३० एप्रिल २०२५ रोजी संपत आहे.

नव्या करारात किराया रु. ४०० ने, म्हणजे पाच टक्क्यांनी वाढवून दरमहा रु. ८,४०० (अक्षरी रुपये आठ हजार चारशे) करण्याचा विचार आहे. मे २०२५ चा किराया जुन्या दरानेच, रु. ८,००० राहील. नवा दर दि. १ जून २०२५ पासून लागू होईल. नव्या दराचा पहिला किराया जून महिन्याचा असून तो नेहमीप्रमाणे ५ जूनपर्यंत द्यावा.

घरपट्टी व नळपट्टी, मोटारीचे सामायिक वीजबिल आणि जिना व टाकीची सफाई यांचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा एकूण रु. ३,९६० ने वाढला आहे. तीन बिऱ्हाडांत वाटल्यास आपल्या वाट्याला दरमहा रु. ११० येतात. उरलेली रु. २९० ची वाढ परिसरातील अशाच घरांचा चालू किराया पाहून केली आहे. बिले पाहायची असल्यास केव्हाही घरी यावे.

डिपॉझिट रु. २५,००० तेच राहील, त्यात वाढ नाही. सबमीटरचे वीजबिल आतासारखेच वेगळे राहील. टँकरचा खर्च या किरायात धरलेला नाही. टँकर मागवावा लागल्यास पावतीप्रमाणे तिन्ही बिऱ्हाडांनी समान वाटून घ्यावा.

हे मान्य असल्यास नवा करार एप्रिलमध्ये नोंदवून घेऊ. त्याचा खर्च निम्मा-निम्मा करू. आपला निर्णय दि. ३१ मार्च २०२५ पर्यंत कळवावा. काही बोलायचे असल्यास अवश्य या. घर सोडायचे ठरवल्यास मुदतीच्या शेवटी घर ताब्यात देताना डिपॉझिटचा हिशेब करून रक्कम परत केली जाईल.

कळावे,
आपला,
(सही)

मिळाले: ………… दिनांक: …………

नव्या किरायाचा आकडा पत्रात अक्षरी धरून तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी तोच असला पाहिजे. मागच्या वर्षीच्या पत्रावरून नवं लिहिताना विषयात नवा आकडा आणि मजकुरात जुना, असं फार वेळा होतं. नुसतं "पाच टक्के वाढ" लिहून थांबू नका. कोणी ती डिपॉझिटवर धरतो, कोणी वीजबिलासकट रकमेवर. नुसतं "पुढील महिन्यापासून" लिहिलं तर पत्र पाचला दिलं की पंचवीसला, यावरून महिना बदलतो. म्हणून दिवस, महिना, वर्ष तिन्ही.

"विचार आहे" हे शब्द मुद्दाम ठेवलेत. मुदत संपल्यावरचा किराया दोघांच्या संमतीने ठरतो, म्हणून "वाढवण्यात आला आहे" असा हुकूम सोडायचं कारण नाही. आणि "मान्य नसल्यास घर रिकामे करावे" हे वाक्य टाळा. त्याचा अर्थ शेवटच्या परिच्छेदात आलाच आहे, फक्त कडवटपणाशिवाय.

द्यायची पद्धत

दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसरीवर सही-तारीख घ्या. सरांना सही करायला संकोच वाटत असेल तर सांगा, ही मान्यतेची सही नाही, पत्र मिळाल्याची पोच आहे. म्हणूनच खाली "मान्य" नव्हे, "मिळाले" छापलंय. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, म्हणजे त्यांच्या मिसेसही वाचतील. खरा निर्णय बऱ्याचदा तिथंच होतो. किरायदार परगावी असेल किंवा पत्र घ्यायलाच तयार नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती कराराला टाचून ठेवा.

पगारदार माणूस असेल तर एक प्रश्न ठरलेला: "तुमचा पॅन नंबर लागेल का?" जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्याचा वर्षाचा किराया एक लाखाच्या वर गेला की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. महिन्याला ८,००० म्हणजे वर्षाला ९६,०००, तिथं प्रश्न नव्हता. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एप्रिल-मेचे १६,००० आणि पुढच्या दहा महिन्यांचे ८४,०००, बरोबर एक लाख होतात, वर जात नाहीत. पण त्यानंतरच्या वर्षी नुसत्या ८,४०० ने सुद्धा १,००,८०० होतात. तेव्हा पॅन मागितला तर दचकू नका. अन् "रोख द्या, पावती नको" असलं काही सुचवूही नका. किराया घेतला की पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

सर म्हणाले, जमणार नाही

मग बसून बोला. आकड्यावर अडलं असेल तर दोन टप्पे करता येतात: जूनपासून ८,२००, डिसेंबरपासून ८,४००. मालकाचे जून ते नोव्हेंबरचे बाराशे रुपये जातात, पण पुढच्या वर्षीचा पाया ८,४०० च राहतो. किंवा किराया ८,३०० वर थांबवून बाथरूमचा नळ बदलून द्यायचं काम मान्य करा. जे ठरेल ते त्याच पत्राच्या मागे दोन ओळींत लिहून दोघांनी सही करा आणि करारात तसंच येऊ द्या.

ते सोडून जायचं म्हणाले तर ३० एप्रिल ही तारीख दोघांनाही आधीच माहीत आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही आणि नवा करारही केला नाही, तर परवान्यावर दिलेल्या राहत्या घरासाठी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या किरायाच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी लेखी करार हातात लागतो. पाणी तोडणं, फ्यूज काढून ठेवणं, जिन्याला कुलूप लावणं या गोष्टी रागाच्या भरात सुद्धा करायच्या नाहीत. अत्यावश्यक सोयी तोडणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मग बाजू तुमची खरी असली तरी जबाब तुम्हालाच द्यावा लागतो.

नाही म्हणणारा एक वेळ परवडला. सगळ्यात चिवट प्रकार असतो न बोलणाऱ्याचा. पत्र घेतलं, पोच दिली, करारावर सहीसुद्धा केली, आणि ५ जूनला यूपीआयवर आले ८,०००. मालक म्हणतो, जाऊ द्या, विसरले असतील. जुलैतही ८,०००. ऑगस्टमध्ये मालक आठशेची बाकी काढतो तेव्हा उत्तर येतं, "तुम्ही तर दोन महिने घेतले, काही बोलला नाहीत."

म्हणून जूनची पहिली पावती महत्त्वाची. तिच्यावर असं लिहा: "जून २०२५ चा किराया रु. ८,४००, पैकी रु. ८,००० मिळाले, बाकी रु. ४००." तिचा फोटो त्याच संध्याकाळी पाठवा, वर काही टोमणा न लिहिता. पैसे परत करू नका, जुना किराया म्हणून स्वीकारूही नका. बहुतेकदा रात्रीपर्यंत चारशे येतात, सोबत "सॉरी, जुनाच आकडा सेव्ह होता" असा निरोप. नाही आले तर जुलैच्या पावतीवर बाकी ८०० लिहायची आणि त्या रविवारी वर जाऊन चहा घेत विचारायचं.